लग्न रेवाकडचं, फोटो कस्तुरीचा: तासाभराचा विशेष भाग कुठल्या मालिकेचा?

चवथीला आम्ही फोंड्याहून पेडण्याला मूळ घरी जातो. तिथे गणपती पाच दिवसांचा, माणसं पंचवीस-तीस. टीव्ही आहे, पण आठ वाजता त्याच्यासमोर बसायची कोणाची छाती होत नाही, कारण नेमक्या त्याच वेळी आरत्या रंगात आलेल्या असतात. त्यामुळे घरी परतलं की सासूबाईंचं पहिलं काम म्हणजे राहिलेल्या मालिका मोबाइलवर बघून काढणं. 2025 ची चवथ बुधवारी, 27 ऑगस्टला होती. आम्ही मंगळवारी गेलो आणि रविवारी विसर्जन करून सोमवारी सकाळी परतलो. दुपारी जेवणं झाल्यावर त्यांनी चष्मा लावला, फोन उशीला टेकवला, आणि अर्ध्या तासाने मला हाक मारली, "गो, हें लग्न कोणाचें?"

त्यांनी उघडली होती साडेआठची मालिका. दिसत होता लग्नाचा मांडव, आणि मांडवात आठच्या मालिकेतलं अख्खं घर. साडेआठची नायिका कुठेतरी मागे अक्षता वाटत होती. त्यांना वाटलं, आपण चार दिवस नव्हतो तेवढ्यात हिच्या घरात कोणाचं तरी लग्न ठरलं, आणि ठरलं कसं तेच आपल्याला माहीत नाही.

असे प्रश्न आमच्या वाड्यावर सणासुदीच्या दिवसांत हमखास निघतात, म्हणून हा उलगडा एकदा सविस्तर लिहून ठेवते. मालिकांची खरी नावं घेत नाही आणि तपशीलही थोडे बदलले आहेत. आठच्या मालिकेची नायिका रेवा म्हणू, साडेआठच्या मालिकेची कस्तुरी.

आधी हे तासाचे भाग मुळात का येतात ते बघू. रोजची मालिका अर्ध्या तासाच्या खणात बसते. जाहिराती, प्रायोजकांच्या पाट्या आणि प्रोमो वजा केले की गोष्ट उरते साधारण 20 ते 22 मिनिटांची. नियमाने तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती चालतात, त्यातली 10 मिनिटं बाहेरच्या मालाच्या आणि 2 वाहिनीच्या स्वतःच्या कार्यक्रमांच्या. म्हणून तासाचा भाग अ‍ॅपवर उघडला की तो 40-45 मिनिटांचा निघतो. आठवड्याचे सहा दिवस मालिका चालते आणि रविवार मोकळा असतो, त्यामुळे वाहिनीला जास्तीचा तास भरायचा असला की तो बहुतेक रविवारी येतो. टीआरपीचा आठवडा शनिवारी सुरू होतो आणि शुक्रवारी संपतो, आकडे गुरुवारी बाहेर पडतात. रविवारचा तास त्या आठवड्याच्या दुसऱ्याच दिवशी खात्यावर जमा होतो. आठवडाभर प्रोमो दाखवून तापवलेलं लग्न रविवारी लावण्याचं एवढं साधं कारण आहे.

बाहेरून हे सगळे तास सारखेच दिसतात. तीच झेंडूची तोरणं, तीच सनई, प्रोमोत तोच भारदस्त आवाज. पण आत तीन वेगवेगळ्या जातीचा माल असतो, आणि गोंधळ होतो तो एका जातीला दुसरी समजल्यामुळे.

पहिली जात सरळ आहे. एकाच मालिकेचं लग्न, त्याच मालिकेचा लांब भाग. झी मराठीवरच्या 'तुला पाहते रे'मधलं विक्रांत आणि ईशाचं लग्न 13 जानेवारी 2019 ला रविवारी दोन तास चाललं. 'माझी तुझी रेशीमगाठ'मधलं यश आणि नेहाचं 12 जून 2022 ला, तेही रविवारीच. इथे लग्न कोणत्या गोष्टीतलं हा प्रश्नच उठत नाही. शनिवारचा भाग, मग हे लग्न, मग सोमवारचा भाग. (13 जानेवारी 2019 हा दिवस पौषातला. सासूबाई तेव्हाही म्हणाल्या होत्या की पौषात कोण लग्न लावतं. टीआरपीच्या पंचांगात पौष नसतो.)

दुसरी जात म्हणजे सणाचा सोहळा. गणेशोत्सव, दिवाळी, नाहीतर वाहिनीचा स्वतःचा पुरस्कार समारंभ. सगळ्या मालिकांची माणसं आपापल्या पात्रांच्या वेशात एका मंचावर येतात, नाचतात, एकमेकांची चेष्टा करतात. हा भाग कुठल्याच मालिकेचा नसतो. ओळखायची सगळ्यात सोपी खूण म्हणजे वैर. कालच्या भागात जिने नायिकेच्या दुधात काहीतरी कालवलं तीच आज तिच्याबरोबर फुगडी घालत असेल आणि तिला मोदक भरवत असेल, तर ते गोष्टीत धरायचं नाही. हे कार्यक्रम अ‍ॅपवर बहुतेक वेळा स्वतंत्र नावाने ठेवलेले असतात. पण कधी त्यातला एखादा नाच कापून मालिकेच्या भागाला जोडतात, आणि तिथे माणूस चकतो.

तिसरी जात म्हणजे महासंगम. लागोपाठच्या दोन वेळांच्या मालिका एकत्र करून एक तास बनवतात. दोन्ही घरं एका मांडवात नाहीतर एका गणपतीसमोर येतात. सासूबाई अडकल्या त्या इथे. पुढचं सगळं महासंगमाबद्दल आहे, कारण डोकं लावावं लागतं ते फक्त इथेच.

महासंगमात एक मालिका यजमान असते आणि दुसरी पाहुणी. कार्य यजमानाच्या घरातलं असतं. पाहुणी मंडळी काहीतरी निमित्त काढून येतात. नायिका लहानपणीच्या मैत्रिणी निघतात, दोन सासरे जुने भागीदार निघतात, नाहीतर एकीची मिठाई दुसरीच्या लग्नात जाते. कस्तुरीचा मालिकेत मिठाईचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे ती लाडवांची ऑर्डर घेऊन रेवाच्या दिराच्या लग्नात आली. पाहुणी मालिका बहुतेक वेळा नवी असते, नाहीतर मागे पडलेली. यजमानाच्या प्रेक्षकांनी तिचं तोंड बघावं आणि साडेआठ वाजता रिमोटला हात लावू नये, यासाठी हा सगळा घाट. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सोपं होतं. ज्या मालिकेचा प्रेक्षक मोठा, बहुतेक तिचंच कार्य असतं, आणि दुसरी तिच्या मांडवात ओळख करून घ्यायला आलेली असते.

पण पाहुणीसुद्धा रिकाम्या हाताने परत जात नाही. तिच्या लेखकालाही सोमवारी गोष्ट पुढे न्यायची असते. म्हणून त्या तासात चार-पाच प्रसंग असे असतात की मांडव दुसऱ्याचा, पण घडतंय ते पाहुणीच्या गोष्टीत. मग अख्खा तास कोणाचा, असं विचारून उत्तर मिळत नाही. एकेक प्रसंग उचलून तो कोणाचा ते बघावं लागतं. सासूबाईंना उत्तर मिळेना ते त्या पूर्ण लग्नाचा एक मालक शोधत होत्या म्हणून.

आता आमच्या सोमवारच्या दुपारकडे येते. अ‍ॅपवर रेवाच्या मालिकेत बुधवार ते शनिवारचे भाग होते 412 ते 415, आणि रविवारचा 416, लांबी 44 मिनिटं. कस्तुरीच्या मालिकेत बुधवार ते शनिवार 187 ते 190, आणि रविवारचा 191, लांबी तीच, 44 मिनिटं. दोन्ही उघडून पहिला प्रसंग बघितला. दोन्हीकडे तोच तांब्याचा कलश, तोच कॅमेरा वरून खाली. म्हणजे एकच भाग दोन कपाटांत ठेवला होता. सासूबाईंनी तो दुसऱ्या कपाटातून काढला एवढंच. वेगवेगळे दोन भाग समजून दोन्ही बघत बसल्या असत्या तर पाऊण तास फुकट गेला असता.

लांबी बघण्याचा उपयोग आणखीही आहे. कधी अ‍ॅपवर हा तास मधोमध चिरून 22-22 मिनिटांचे दोन तुकडे करतात आणि एक एका मालिकेत, एक दुसरीत टाकतात. मग नुसती कस्तुरीची मालिका बघणाऱ्या बाईला लग्नाचा फक्त उत्तरार्ध दिसतो, आणि नवरदेव का रडतोय हे तिला कळत नाही. रविवारचा भाग 20-22 मिनिटांचाच दिसला आणि प्रोमो मात्र एका तासाचा होता, तर उरलेला अर्धा शेजारच्या मालिकेत शोधावा.

मग मी सुरुवातीचं शीर्षकगीत बघितलं. रेवाच्या मालिकेचं लागलं, शेवटी महासंगमाची पाटी. यावरून यजमान रेवा असावी असा अंदाज बांधता येतो, पण पुरावा म्हणून तो कच्चा. कधी दोन्ही शीर्षकगीतांचे तुकडे जोडतात, कधी शीर्षकगीत लागतच नाही, नुसती पाटी येते. शेवटच्या श्रेयनामावलीतून थोडं अधिक कळतं. तिथे दोन दिग्दर्शक आणि दोन लेखक दिसले तर दोन्ही युनिट कामाला होती, म्हणजे पाहुणीचे स्वतःचे प्रसंग नक्की आहेत. एकाच मालिकेची नावं दिसली तर पाहुणी बहुधा नुसती अक्षता टाकायला आली. पण नावं इतकी भराभर पळतात की थांबवून बघितल्याशिवाय वाचता येत नाहीत, आणि अ‍ॅपवर ती अर्धवट कापलेलीही असतात.

मग मी स्वयंपाकघरातला वाण्याच्या यादीचा कागद घेतला आणि प्रसंग मोजले. एकूण 21 निघाले. त्यातले 9 फक्त रेवाच्या घरचे होते: दिराचा रुसवा, सासूची चक्कर, अंतरपाट धरलेला असताना आलेला फोन वगैरे. 8 प्रसंगांत दोन्ही घरची माणसं एकत्र होती. उरलेल्या 4 प्रसंगांत कस्तुरी एकटी, नाहीतर आपल्या माणसांबरोबर होती. त्या चारांत असं घडतं: ती लाडवांचे डबे ठेवायला एका खोलीत जाते, तिथे भिंतीवर जुना फोटो दिसतो, फोटोत तिच्या हरवलेल्या वडिलांसारखा माणूस, ती मोबाइलवर त्या फोटोचा फोटो काढते, आणि जाताना खोलीच्या दारात कोणाची तरी सावली दिसते.

एकत्र असलेल्या 8 प्रसंगांचं काय? त्यातल्या पाचांत गोष्ट हलतच नव्हती. नाच होता, उखाणे होते, दोन्ही नायिकांनी एकमेकींना साडीचं कौतुक सांगितलं होतं. ते महासंगमाचं भाडं. उरलेल्या तिनांत कस्तुरी रेवाला सांगते की तुझ्या जावेला मी मागच्या दारात कोणाशी तरी बोलताना पाहिलं. हे ऐकून रेवा पुढे जे करते त्यावर तिच्या मालिकेचा पुढचा आठवडा चालणार होता. म्हणजे बोलली कस्तुरी, पण प्रसंग रेवाचा. या तीन प्रसंगांत माझाही आधी घोटाळा झाला होता. कोण बोलतंय हे बघून चालत नाही, बातमीने कोणाच्या घरात आग लागते ते बघायचं.

एवढं सगळं करूनही हा माझाच कयास होता. खात्री झाली ती संध्याकाळी आठ वाजता. सोमवारच्या भागाच्या आधी जे 'मागील भागात' दाखवतात, ते बघितलं. माझ्या मते या सगळ्यात भरवशाची खूण तीच, कारण ते तुकडे मालिकेची माणसं स्वतः निवडतात. आज जे घडणार आहे ते समजायला कालचं जेवढं लागतं तेवढंच त्यात ठेवतात. वाहिनीने स्वतःच दिलेला निकाल म्हणायला हरकत नाही. आठच्या मालिकेत दिसलं: अंतरपाट, फोन, सासूची चक्कर, आणि जाऊ मागच्या दारात. साडेआठच्या मालिकेत मांडवाचं नावही नव्हतं. थेट ती खोली, भिंतीवरचा फोटो आणि दारातली सावली. कुठलीतरी खोली म्हणून ती दाखवली, कोणाच्या घरातली याचा उल्लेखही नाही.

म्हणजे लग्न रेवाच्या मालिकेचं, फोटो कस्तुरीच्या मालिकेचा, आणि नाच कोणाचाच नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग मी उगाच त्या नवऱ्या मुलाला कस्तुरीचा भाऊ समजत होते." त्यांची चूक नव्हती. तो तिच्या पायाही पडला होता.

'मागील भागात'ला मर्यादा आहेत. अ‍ॅपवर पुष्कळदा तो तुकडा काढून टाकलेला असतो, नाहीतर आपलं बोट चुकून तो पुढे ढकलण्याच्या बटणावर पडतं. टीव्हीवर आठच्या ठोक्याला बसलं तरच तो मिळतो. आणि पाहुणी मालिका कधी महासंगमातला धागा आठ-दहा दिवस तसाच बांधून ठेवते, मग सोमवारी काहीच दिसत नाही आणि आपल्याला वाटतं तिचं त्यात काही नव्हतंच. फोटोसारखी वस्तू हातात आली असेल तर ती पुढे कधीतरी निघणार असं धरून चालावं. मालिकेत मोबाइलवर काढलेला फोटो कधी वाया गेल्याचं मला आठवत नाही.

'मागील भागात' नसेल तर शरीराकडे बघायचं. गळ्यात मंगळसूत्र आलं का, हातावर मेंदी राहिली का, कपाळाला पट्टी आहे का. लग्न झालेल्या घरात सोमवारी नवरीच्या हातावर मेंदी असते आणि चुडा असतो. पाहुणीच्या घरात सगळे जसेच्या तसे. इथे आमच्या बाबतीत एक गंमत झाली. शनिवारच्या 190 व्या भागात कस्तुरीच्या उजव्या हाताला भाजल्याची पट्टी होती. रविवारी लग्नात पट्टी नाही, दोन्ही हातांनी लाडवांचे डबे उचलतेय. सोमवारी परत पट्टी. सासूबाईंनी लगेच निष्कर्ष काढला की लग्न आधीचं आहे, शनिवारच्याही आधीचं, आणि वाहिनीने भाग मागेपुढे लावले.

तसं नव्हतं. महासंगमाचं चित्रीकरण करायचं तर दोन मालिकांच्या कलाकारांच्या तारखा एकाच दिवशी जुळाव्या लागतात. रोजच्या मालिकेत हे अवघड, कारण प्रत्येकाचा रोजचा सेट चालू असतो. म्हणून तारीख मिळेल त्या दिवशी मांडवातलं सगळं एकदम उरकून घेतात आणि बाकीचे भाग आपल्या गतीने नंतर होत राहतात. मांडव झाला तेव्हा हात भाजण्याचा प्रसंग बहुतेक लिहिलाच गेला नसावा. म्हणून पट्टीसारखी एखादी विसंगती दिसली तरी क्रम बदलायचा नाही. भाग ज्या तारखेला दाखवला त्या तारखेलाच गोष्टीत बसवायचा. अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा मालिका स्वतःच 'काही दिवसांपूर्वी' अशी पाटी लावते.

तारखेवरून भागांच्या आकड्यांचं सांगते, कारण शेजारणींमधले निम्मे वाद त्यावरून होतात. एक म्हणते 416 मध्ये लग्न आहे, दुसरी म्हणते 417 मध्ये. दोघी बरोबर असतात. तासाचा भाग म्हणजे अर्ध्या तासाचे दोन, असं धरून कोणी त्याला दोन आकडे देतं, कोणी एकच. एकदा फरक पडला की तो पुढे तसाच चालू राहतो, आणि दर लग्नाला, दर महासंगमाला एकाने वाढतो. वर्षभरात तीन-चार असे तास झाले की दोन ठिकाणचे आकडे तीन-चारांनी हुकलेले असतात. म्हणून आकडा सांगू नये, तारीख सांगावी. तारीख एकच असते.

2025 च्या चवथीत सासूबाईंनी विचारलेला दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा आवडला. त्यांचं म्हणणं, भाद्रपदात लग्न लावलंच कसं? आषाढी ते कार्तिकी चातुर्मास, मुहूर्त नाहीत. गोव्यात आमच्याकडे तुळशीचं लग्न, म्हणजे व्हडली दिवाळी झाल्याशिवाय कोणी हॉलवाल्याला विचारत नाही. मग रेवाच्या एवढ्या सोवळ्या सासूने भर भाद्रपदात मुलगा बोहल्यावर चढवला कसा?

याचं उत्तर मालिकेतल्या काळात आहे. मालिकेत दोन घड्याळं चालतात. गोष्टीचं घड्याळ अतिशय हळू: एक दिवस दाखवायला तीन-तीन भाग जातात, लग्नाचा दिवस असेल तर आठवडाही. सणांचं घड्याळ मात्र आपल्या भिंतीवरच्या कॅलेंडरला बांधलेलं, कारण प्रेक्षकाच्या घरात गणपती असताना मालिकेच्या घरात तो नसून चालत नाही. ही दोन घड्याळं एकमेकांना कधीच जुळत नाहीत.

हिशेब करून बघा. 2025 मध्ये वटपौर्णिमा 10 जूनला होती आणि चवथ 27 ऑगस्टला, मधे 78 दिवस, म्हणजे 11 आठवड्यांहून थोडे अधिक. आठवड्याला सहा भाग धरले तर साधारण 66 भाग. एका दिवसाला तीन भाग लागतात असं धरलं तर गोष्टीत उलटले फक्त 22 दिवस. वटपौर्णिमेला रेवाला दिवस गेल्याचं कळलं होतं, दुसरा महिना. गणपतीत आपण पाचव्या महिन्याची वाट बघतो, पण गोष्टीत ती अजून तिसऱ्यातच आहे, आणि तिच्या घरात वडही पूजला गेला आणि बाप्पाही आले. डोहाळजेवण का होत नाही म्हणून चिडण्यात अर्थ नाही.

म्हणून सणाचा प्रसंग गोष्टीच्या काळाचा पुरावा म्हणून धरायचा नाही. त्यावरून कळते ती दाखवल्याची तारीख. रेवाच्या सासूने मुलाचं लग्न भाद्रपदात ठरवलं नव्हतं. तिच्या गोष्टीत आषाढ जेमतेम सुरू झाला होता, आषाढी अजून यायची होती. नेमकी त्या लग्नाची पाळी आली ती गणपतीच्या आठवड्यात, म्हणून मांडवाच्या कोपऱ्यात मखरही दिसलं. मखर काढा, लग्न आषाढीच्या आधी बसतं. सासूबाईंचं समाधान झालं. फक्त मखरावर माटोळी नव्हती याचं दुःख त्यांना राहिलंच. मुंबईत सेट उभारणाऱ्याला नारळ, सुपाऱ्या, रानफळं बांधून माटोळी करायला कोण सांगणार.

सणाने तारीख कळते, तशी कधी कधी पार्श्वभूमीनेही कळते, आणि आम्हा गोवेकरांना हे इतरांपेक्षा लवकर दिसतं. एप्रिल 2021 मध्ये कोविडमुळे महाराष्ट्रात चित्रीकरण बंद झालं तेव्हा काही मराठी मालिकांची युनिट गोव्यात आली होती. मालिकांतली घरं अचानक माडांच्या सावलीत गेली. मे महिन्याच्या सुरुवातीला इथली परवानगीही मागे घेतली गेली आणि युनिट परतली. त्या काळातला जुना विशेष भाग आज अ‍ॅपवर तारखेशिवाय सापडला, आणि श्रीमंत मुंबईकर कुटुंब विनाकारण चिऱ्याच्या भिंतीच्या बंगल्यात राहताना दिसलं, की तो कुठल्या आठवड्यांत बसवायचा ते सांगता येतं. ते घर गोष्टीत पुढे कधी दिसणार नाही, हेही त्यावरून कळतं.

प्रोमोबद्दल थोडक्यात. प्रोमोत दिसणारं सगळं गोष्टीत धरायचं नाही. रेवाच्या प्रोमोत तिची जाऊ मांडवात येऊन "थांबा!" असं ओरडते. भागात ते रेवाला पडलेलं स्वप्न निघालं. 'लग्न मोडणार?' या पाटीतलं प्रश्नचिन्ह मोठं असलं की लग्न बहुतेक मोडत नाही.

आणि रविवारी दुपारी येतो तो तास वेगळा. आठवडाभराचे भाग जोडून दाखवलेलं ते पुनःप्रक्षेपण असतं. टीव्हीच्या कार्यक्रमसूचीत दोन्ही ठिकाणी मालिकेचं नुसतं नाव लिहिलेलं असतं, त्यामुळे बायका दुपारीच बसतात आणि म्हणतात, विशेष भागात नवीन काहीच नव्हतं. नवीन तास संध्याकाळी असतो.

आता व्हडल्या दिवाळीला परत महासंगम आहे. यावेळी तुळस कस्तुरीच्या अंगणात आहे, म्हणजे यजमान ती, आणि रेवाकडची मंडळी पाहुणी. सासूबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या रविवारी दुधाच्या हिशेबाखाली 'क' लिहून ठेवलंय आणि सोमवारच्या चौकोनात '8 वाजता, आधीपासून'. आमच्या अंगणातल्या तुळशीचं लग्न त्याच रविवारी संध्याकाळी आहे. भटजींना सातच्या आत या असं सांगून झालंय.